संत्रा बगीचा : पान परीक्षणासाठी नेमकं कोणतं पान तोडायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा?

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात माती परीक्षण आता बऱ्याच शेतकऱ्यांनी केलेलं असतं. पान परीक्षण मात्र कमी जण करतात. जे करतात त्यांच्यातही बरेच जण झाडाखाली उभं राहून हाताला येतील ती पंचवीस-तीस पानं ओरबाडतात, पन्नीत भरतात आणि प्रयोगशाळेत देऊन येतात. रिपोर्ट येतो, त्यात आकडे असतात, समोर ‘कमी’ किंवा ‘जास्त’ लिहिलेलं असतं आणि त्यावरून खताची यादी तयार होते. प्रयोगशाळेचा आकडा बरोबर असतो, पण तो ज्या पानाचा असतो ते पानच चुकीचं असतं.

संत्र्याच्या एकाच झाडावर, एकाच दिवशी, दोन वेगवेगळ्या जागची पानं तोडली तर दोन वेगळे रिपोर्ट येतात. म्हणून या लेखात पान निवडण्यावर जास्त बोलू, आकड्यांकडे नंतर वळू.

मातीचा रिपोर्ट असताना पानाचा कशाला?

मातीत काय आहे ते माती परीक्षण सांगतं. झाडाने त्यातलं किती उचललं ते पान सांगतं. आपल्याकडच्या भारी काळ्या आणि चुनखडीच्या जमिनीत हा फरक मोठा असतो. जस्त मातीत असलं तरी चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. लोहाचंही तसंच. शिवाय संत्र्याचं झाड बारमाही आहे. खोडात, फांद्यांत, मुळांत साठवलेलं अन्न ते वापरत असतं. त्यामुळे नुसत्या मातीवरून झाडाची खरी स्थिती कळत नाही. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले तर उत्तम.

पान किती महिन्यांचं हवं?

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने नागपुरी संत्र्यासाठी जी पद्धत बसवली आहे, तिच्यात पान ६ ते ८ महिने वयाचं घ्यायला सांगितलं आहे. आंबिया बहाराच्या वेळी, म्हणजे जानेवारीअखेर ते मार्चदरम्यान आलेल्या नवतीची पानं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये या वयाची होतात. मृगाच्या नवतीची पानं डिसेंबर ते फेब्रुवारीत तोडायची.

वयावर एवढा जोर का? पान कोवळं असतं तेव्हा त्यात नत्र, स्फुरद, पालाश भरपूर असतं. पान जसं जुनं होतं तसं हे तिन्ही कमी होत जातात, कारण झाड ते तिथून काढून नव्या वाढीला आणि फळाला देतं. कॅल्शियमचं उलट आहे. ते एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही, साठत जातं. म्हणजे दोन महिन्यांचं पान दिलं तर नत्र-पालाश भरपूर दिसेल आणि दीड वर्षाचं जून पान दिलं तर दोन्ही कमी दिसतील. झाड तेच, खत तेच. ६ ते ८ महिन्यांच्या काळात हे आकडे बऱ्यापैकी स्थिर असतात, म्हणून ते वय धरलं आहे.

आता खरी अडचण. ऑगस्टमध्ये झाडापुढे उभं राहिलं की फेब्रुवारीची नवती कोणती आणि पावसाळ्यातली कोणती हे कसं ओळखायचं? पावसाळी नवतीची डहाळी हिरवीगार आणि धारदार, तिकोनी असते, पानं पोपटी आणि मऊ असतात. आंबियाच्या नवतीची डहाळी तोवर बरीच गोल झालेली असते, पानं गडद हिरवी आणि कडक असतात, वाकवली तर मोडल्यासारखी वाटतात. कित्येकदा जुन्या डहाळीच्या टोकावरच पावसाळी फूट आलेली असते. अशी डहाळी सोडून द्या, कारण टोकाकडून मोजलेली पानं मग कोवळीच निघतात.

ओळखायची कटकट नको असेल तर सोपा उपाय आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवती फुटली की वीसेक झाडांवर, प्रत्येकी चार डहाळ्यांना रंगीत सुतळी सैल बांधून ठेवा. ऑगस्टच्या शेवटी सरळ त्याच डहाळ्यांची पानं घ्या. वय मोजायचा प्रश्नच उरत नाही.

फळ असलेली डहाळी नको

बहुतेकांचा नमुना इथेच बिघडतो. पान नेहमी बिनफळाच्या डहाळीचं घ्यायचं. ज्या डहाळीच्या टोकाला फळ लागलंय, तिथल्या पानातून फळ नत्र, स्फुरद आणि विशेषतः पालाश ओढून घेतं. त्या पानात हे तिन्ही कमी आणि कॅल्शियम जास्त दिसतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आंबियाचं फळ झाडावर असतंच, आणि हात आधी फळाच्याच डहाळीकडे जातो, कारण ती वजनाने खाली वाकलेली असते.

तेव्हा असं करा. जमिनीपासून दीड ते पावणेदोन मीटर उंचीवर, झाडाच्या बाहेरच्या घेरावरची बिनफळाची डहाळी पकडा. टोकाकडून मोजा. पहिलं पान सोडा. दुसरं, तिसरं किंवा चौथं पान देठासकट तोडा. एका डहाळीचं एकच पान. झाडाच्या चारही बाजूंनी मिळून चार पानं. पूर्वेकडचं उन्हातलं आणि आतलं सावलीतलं पान सारखं नसतं, म्हणून एकाच बाजूने उभं राहून तोडू नका.

एका नमुन्याला ३० ते ७० पानं लागतात. बारा-तेरा झाडांवरून चार-चार घेतली की पन्नास होतात. तेवढी पुरतात.

झाडं कोणती निवडायची? बगीच्यातून इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखं तिरकं चाला आणि ठरावीक अंतरावरचं झाड घ्या. रस्त्याकडची ओळ, बांधावरची झाडं, शेणखताच्या ढिगाजवळची आणि गोठ्याजवळची झाडं सोडा. डिंक्या लागलेलं, शेंडेमर झालेलं किंवा नुकतंच लावलेलं झाडही सोडा. किडीने खाल्लेलं, नागअळीचे नागमोडी पट्टे असलेलं, फाटलेलं, करपलेलं पान घेऊ नका.

बगीच्याचा एक तुकडा पिवळा पडलेला असेल तर त्याची पानं चांगल्या तुकड्यात मिसळू नका. मिसळली तर सरासरी निघते आणि ती दोन्हीपैकी कुठल्याच तुकड्याची नसते. त्यापेक्षा पिवळ्या झाडांचा एक आणि शेजारच्या हिरव्या झाडांचा एक, असे दोन नमुने एकाच दिवशी काढा. आमच्या मते एवढ्या कामाचा दुसरा प्रयोग शेतकऱ्याला घरबसल्या करता येत नाही. दोन्ही रिपोर्टमध्ये ज्या अन्नद्रव्याचा आकडा ठळकपणे वेगळा येतो, तिथेच दुखणं असण्याची शक्यता जास्त.

फवारणी झाली असेल तर थांबा

पानावर बसलेलं औषध पूर्ण धुऊन निघत नाही. बोर्डो मिश्रण मारलेल्या बगीच्यात तांबे जास्त दिसणारच. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आपण सर्रास वापरतो, त्यात मंगल आणि जस्त दोन्ही असतात. त्यामुळे मॅन्कोझेबनंतरच्या नमुन्यात जस्त पुरेसं असल्याचं दिसतं, प्रत्यक्षात झाड उपाशी असू शकतं. झिंक सल्फेटच्या फवारणीचंही तेच. म्हणून नमुना आधी, फवारणी नंतर, असा क्रम ठेवा. आधीच फवारलं असेल तर चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि तारीख लिहा आणि तेवढ्या अन्नद्रव्याचा आकडा गृहीत धरू नका.

जमिनीतून खत दिल्यावरही लगेच पान तोडू नका, महिनाभर जाऊ द्या. पान सकाळी दव सुकल्यावर तोडा. मोठा पाऊस चालू असेल तर उघडीप बघून दोन-तीन दिवसांनी जा.

तोडल्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

पानं कागदी किंवा कापडी पिशवीत ठेवा. बंद पन्नीत पानांना घाम येतो, ती काळी पडतात, आणि सडायला लागलेल्या पानाचं वजन घटतं. वजन घटलं की टक्केवारी आपोआप वाढते. गाडीच्या डिकीत उन्हात तर अजिबात ठेवू नका. नागपूर त्याच दिवशी गाठता येत असेल तर तशीच ओली पानं द्या, धुणं-वाळवणं ते नीट करतात.

त्या दिवशी जाणं होणार नसेल तर पानं ताजी असतानाच स्वच्छ पाण्यात ओल्या मऊ कापडाने दोन्ही बाजूंनी पुसा आणि पटकन निथळा. पाण्यात भिजत घालू नका. सुकलेलं पान तर मुळीच धुऊ नका, त्यातून पालाश पाण्यात उतरतं आणि रिपोर्टमध्ये उगाच कमी येतं. नंतर सावलीत कागदावर एकेरी थरात पसरा. पत्र्यावर किंवा युरियाच्या रिकाम्या पोत्यावर वाळवू नका. युरियाच्या पोत्यावर वाळवलेल्या पानांत नत्र जास्तच येणार.

सोबतच्या चिठ्ठीत गाव, गट नंबर, झाडांचं वय, खुंट जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा, बहार कोणता, नमुन्याची तारीख, शेवटचं खत, शेवटची फवारणी आणि मागच्या वर्षीचं उत्पादन एवढं लिहा. निघण्याआधी फोन करून विचारा, कारण गावाजवळची माती परीक्षण प्रयोगशाळा पानं तपासतेच असं नाही.

रिपोर्ट वाचताना

नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे टक्क्यांत लिहितात. नत्र १.९२ टक्के म्हणजे १०० ग्रॅम वाळलेल्या पानात १.९२ ग्रॅम नत्र. लोह, मंगल, जस्त, तांबे हे पीपीएममध्ये असतात, म्हणजे एक किलो वाळलेल्या पानात तेवढे मिलिग्रॅम. नागपूरच्या संस्थेने नागपुरी संत्र्यासाठी ठरवलेल्या पुरेशा पातळ्या अशा आहेत :

नत्र : १.७० ते २.८१ टक्के
स्फुरद : ०.०९ ते ०.१५ टक्के
पालाश : १.०२ ते २.५९ टक्के
कॅल्शियम : १.८० ते ३.२८ टक्के
मॅग्नेशियम : ०.४३ ते ०.९२ टक्के
लोह : ७४.९ ते ११३.४ पीपीएम
मंगल : ५४.८ ते ८४.६ पीपीएम
तांबे : ९.८ ते १७.६ पीपीएम
जस्त : १३.६ ते २९.६ पीपीएम

हे आकडे चांगलं उत्पादन देणाऱ्या बगीच्यांच्या पानांवरून काढलेले आहेत आणि ते फक्त वर सांगितलेल्या पानालाच लागू पडतात. मोबाईलवर शोधलं की अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा तक्ता आधी सापडतो. त्यात संत्र्याला नत्र २.५ ते २.७ टक्के आणि जस्त २५ ते १०० पीपीएम पुरेसं धरलं आहे. तो तक्ता चुकीचा नाही, पण तो तिकडच्या मोसंबीवर्गीय संत्र्याचा, चार ते सहा महिन्यांच्या पानाचा आणि तिथल्या रेताड जमिनीचा आहे. आपल्या बगीच्यात नत्र २.०५ आलं तर नागपूरच्या तक्त्यात ते पुरेसं आहे आणि फ्लोरिडाच्या तक्त्यात कमी. चुकीचा तक्ता धरला की युरियाची पोती वाढली. रिपोर्टवर कोणता तक्ता वापरलाय, हे प्रयोगशाळेला विचारून घ्या.

एका बगीच्याचं उदाहरण

समजा अडीच एकराचा बगीचा आहे. ६ बाय ६ मीटरवर साधारण २७५ झाडं, वय १२ वर्षं, आंबिया बहार. शेतकऱ्याने सप्टेंबरमध्ये रस्त्याकडच्या दोन ओळींतून, फळाच्या डहाळ्यांची पानं दिली. रिपोर्ट आला : नत्र १.६२, पालाश ०.८४, कॅल्शियम ३.७ टक्के, लोह १९० आणि जस्त १२ पीपीएम. वरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर नत्र कमी, पालाश कमी, जस्त कमी. दुकानदाराने झाडाला ३०० ग्रॅम युरिया आणि २५० ग्रॅम पोटॅश जादा सांगितलं. २७५ झाडांचा हिशेब केला तर युरिया ८२ किलोच्या वर, म्हणजे जवळपास दोन बॅगा, आणि पोटॅश ६९ किलो, म्हणजे दीड बॅगेच्या थोडं कमी.

पण तोच रिपोर्ट जरा निरखून बघा. नत्र-पालाश कमी आणि कॅल्शियम जास्त, ही जोडी फळाच्या डहाळीची किंवा जून पानाची खूण आहे. लोह १९० म्हणजे रस्त्याची धूळ पानावर बसलेली. म्हणजे झाडाबद्दल बोलण्याआधी हा कागद नमुन्याबद्दलच तक्रार करतोय.

मग पंधरा दिवसांनी आतल्या ओळींतून, बिनफळाच्या डहाळ्यांची, सहा-सात महिन्यांची पन्नास पानं काढली. समजा आता नत्र १.९२, पालाश १.१२, कॅल्शियम ३.१ टक्के, लोह ९८ आणि जस्त ११.८ पीपीएम आलं. नत्र पुरेसं आहे, जादा युरियाची गरज नाही. पालाश पट्ट्यात आहे पण अगदी तळाशी. इथे नेहमीची मात्रा कमी करू नये, वाढवायची घाईही नको. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच झाडांवरून पुन्हा बघावं. आकडा आणखी घसरला तर वाढवावं. जस्त मात्र दोन्ही वेळा कमीच आहे. ही कमतरता खरी समजायला हरकत नाही.

झाडावर जाऊन ती पडताळताही येते. जस्त कमी असेल तर नवतीची पानं लहान, अरुंद, टोकदार होतात, शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, पानं गुच्छासारखी जवळजवळ येतात. चुनखडीच्या जमिनीत मातीतून दिलेलं जस्त बरंचसं अडकून पडतं, म्हणून फवारणी बरी. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट, आणि त्याची आम्लता मारायला २५ ग्रॅम विरलेला चुना. दोन्ही वेगवेगळं विरघळवून, चुन्याची निवळी गाळून मगच एकत्र करा. नवती पूर्ण उमलली पण अजून कोवळी आहे, तेव्हा फवारा. जून पान ते फारसं शोषत नाही.

रिपोर्ट जिथे फसवतो

लोहाचा आकडा पुरेसा किंवा जास्त येतो आणि तरी नवी पानं पिवळी, शिरांची हिरवी जाळी दिसते, असं चुनखडीच्या जमिनीत नेहमी होतं. प्रयोगशाळा पानातलं एकूण लोह मोजते. त्यातलं बरंच पानात निष्क्रिय पडून असतं. अशा वेळी आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

दुसरं, वाढच खुंटली असेल तर थोडंसं नत्र छोट्या पानात एकवटतं आणि टक्केवारी ठीक दिसते. झाड रोडावलेलं आणि रिपोर्ट मात्र ‘पुरेसं’ सांगत असेल तर पानाचा आकार आणि नवतीची लांबी शेजारच्या चांगल्या झाडाशी ताडून बघा.

आणि तिसरं. पाच-सहा अन्नद्रव्यं एकदम कमी आली तर खताच्या दुकानात जाण्याआधी कुदळ घ्या. झाडाच्या घेराखाली वीतभर उकरा. तंतुमुळं पांढरट-पिवळी आणि घट्ट असतील तर ठीक. तपकिरी असतील आणि बोटांनी ओढल्यावर वरची साल सुटून आतला दोरा उरत असेल, तर ती मूळकूज आहे. काळ्या जमिनीत पाणी साचलं की हे होतं. खायला मुळंच नसतील तर वरून टाकलेलं खत तिथेच पडून राहतं. आधी चर काढून पाणी बाहेर काढणं आणि मूळकुजीचा बंदोबस्त करणं, मग खत.

पानाच्या रिपोर्टवरून या वर्षीची फळगळ थांबत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या नमुन्यावरून पुढच्या बहाराची खतमात्रा ठरते. त्यामुळे रिपोर्टचा फोटो काढून तारखेसकट मोबाईलमध्ये ठेवा आणि नमुन्याची झाडं खोडावर रंगाचा ठिपका देऊन कायम करा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच झाडांवरून पानं घ्यायची आहेत.